ओव्हन सांभाळायचा की चढवायचा?

पावडर कोटिंगच्या शेडमध्ये रंगाची पूड फवारलेले जॉब कन्व्हेयरला टांगून ओव्हनमध्ये शिरतात. आत साधारण १८० ते २०० अंशांना पूड वितळते, पसरते आणि पक्की होते. तापमान बराच वेळ कमी राहिलं तर रंग कच्चा राहतो आणि सॉल्व्हंटच्या बोळ्याने पुसला की उतरतो. जास्त राहिलं तर पांढऱ्यावर पिवळी झाक येते. हे तापमान राखायचं काम पॅनेलवरच्या हाताच्या पंजाएवढ्या कंट्रोलरकडे असतं. तो थर्मोकपलकडून तापमान वाचतो आणि हीटरला किती टक्के वीज द्यायची ते ठरवतो.

या कंट्रोलरला दोन वेगळी कामं करावी लागतात. पहिलं सांभाळण्याचं: सेटपॉइंट १८० वर आहे, अचानक थंड जॉबची रांग आत आली, उष्णता खेचली गेली, तरी तापमान जागेवर आणायचं. याला लोड डिस्टर्बन्स म्हणतात. दुसरं चढवण्याचं: रंग बदलला, आता १८५ हवेत, तर नव्या आकड्यावर नीट जाऊन थांबायचं. दोन्हींसाठी थर्मोकपल तोच, हीटर तोच, लूपही तोच. म्हणून एका कामासाठी नीट बसवलेलं ट्यूनिंग दुसऱ्यालाही चालेल, असं कुणालाही वाटेल. ते चालत नाही. याचं कारण कंट्रोलरच्या दर्जात नाही, साध्या हिशेबात आहे.

हिशेबासाठी एक ओव्हन कागदावर घेऊ. रिकामा असताना १८० अंश राखायला त्याला ६० टक्के वीज लागते. वीज एक टक्क्याने वाढवून वाट पाहिली तर तापमान शेवटी अडीच अंशांनी वाढतं. पण ते लगेच वाढत नाही. हीटर तापून हवा थर्मोकपलपर्यंत पोचेपर्यंत पहिले ३० सेकंद आकडा हलतच नाही. हा डेड टाइम. त्यानंतर आकडा सावकाश चढतो आणि एकूण वाढीतला ६३ टक्के भाग पुरा व्हायला १० मिनिटं लागतात. हा ओव्हनचा स्वतःचा संथपणा.

पीआयडीतली तीन अक्षरं म्हणजे प्रोपोर्शनल, इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह. आपल्या प्रश्नाला पहिली दोन पुरेत. प्रोपोर्शनल भाग या क्षणीची तफावत पाहतो. गेन ४.८ असेल तर एका अंशाच्या तफावतीला ४.८ टक्के वीज देतो आणि तफावत मिटली की हात काढून घेतो. इंटिग्रल भाग खातेवही ठेवतो. तापमान किती अंश कमी होतं आणि किती सेकंद कमी होतं, याचा गुणाकार तो जमा करत जातो आणि त्या शिलकीच्या प्रमाणात वीज देतो. तफावत शून्य झाली तरी शिल्लक खात्यात राहते, म्हणूनच नव्या लोडला लागणारी जादा वीज कायम मिळत राहते. खातं कमी करायचा एकच मार्ग असतो: तापमान काही काळ सेटपॉइंटच्या वर गेलं पाहिजे. खातं किती वेगाने भरायचं हे ‘इंटिग्रल टाइम’ ठरवतो. तो जितका कमी, तितका इंटिग्रल जोरकस.

झिग्लर आणि निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिलेले ट्यूनिंगचे प्रसिद्ध नियम लोड डिस्टर्बन्स डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले होते. १९५२ मध्ये चिएन, ह्रोन्स आणि रेसविक यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि लोडसाठी वेगळा तक्ता दिला, सेटपॉइंटसाठी वेगळा. त्यांच्या ओव्हरशूट टाळणाऱ्या सूत्रांत आपल्या ओव्हनचे आकडे घातले तर सेटपॉइंटसाठी गेन २.८ आणि इंटिग्रल टाइम ७२० सेकंद येतो. लोडसाठी गेन ४.८ आणि इंटिग्रल टाइम अवघा १२० सेकंद. गेनमध्ये दुपटीहून कमी फरक आहे, इंटिग्रल टाइममध्ये सहापट. सूत्रांच्या आत डोकावलं की या सहापटीचं मूळ दिसतं. सेटपॉइंटच्या सूत्रात इंटिग्रल टाइम ओव्हनच्या संथपणावरून काढतात, त्या १० मिनिटांच्या १.२ पट. लोडच्या सूत्रात तो डेड टाइमवरून काढतात, ३० सेकंदांच्या चौपट.

आता दोन्ही ट्यूनिंगला दोन्ही कामं देऊन पाहू.

आधी लोड. थंड जॉबची रांग शिरली आणि २० टक्के विजेएवढी उष्णता सतत खेचू लागली. सेटपॉइंटच्या ट्यूनिंगवर तापमान अडीच मिनिटांत जवळपास सहा अंशांनी उतरतं. इथवर ठीक. पण नंतर ते वर यायचं नाव घेत नाही. १० मिनिटांनी सव्वातीन अंश कमी, २० मिनिटांनीही दीड अंश कमी. तेवढ्यात कितीतरी जॉब बाहेरही पडलेले असतात. लोडच्या ट्यूनिंगवर तापमान चार अंश उतरतं, तेही सव्वा मिनिटाच्या आत, आणि लगेच वळतं. तिसऱ्या मिनिटाला तफावत पाऊण अंशावर येते आणि चौथ्या मिनिटानंतर ती शोधावी लागते.

आता सेटपॉइंट. ओव्हन रिकामा आहे आणि १८० चे १८५ केले. सेटपॉइंटच्या ट्यूनिंगवर वीज एकदम १४ टक्क्यांनी वाढते, तापमान सुबक चढतं, अडीच मिनिटांत १८४.५ ला पोचतं आणि १८५ ओलांडत नाही. लोडच्या ट्यूनिंगवर वीज त्याच क्षणी २४ टक्क्यांनी उडी मारते, तापमान ७५ सेकंदांत १८५ पार करतं आणि १८७.२ पर्यंत जाऊन परततं. पाच अंशांच्या बदलाला सव्वादोन अंशांचं ओव्हरशूट, म्हणजे चाळीस टक्क्यांहून जास्त. हेच ट्यूनिंग मघाशी लोडच्या कामात मात्र तापमान सेटपॉइंटच्या वर जाऊ न देता परत आणत होतं.

या उलटसुलट निकालाचा उलगडा खातेवहीत होतो.

लोडचा हिशेब सोपा आहे. जॉब शिरल्यावर कायमची २० टक्के जादा वीज लागणार. ओव्हन पुन्हा १८० वर टेकल्यावर तफावत शून्य असते, प्रोपोर्शनल भाग काही देत नाही. ही सगळी २० टक्के वीज इंटिग्रलच्या खात्यातूनच आली पाहिजे. खातं भरतं ते फक्त तापमान कमी राहिल्याने. लोडच्या ट्यूनिंगमध्ये २० टक्के जमा व्हायला ५०० अंश-सेकंद लागतात, म्हणजे पाच अंशांची तफावत १०० सेकंद टिकावी एवढी. सेटपॉइंटच्या ट्यूनिंगमध्ये तेवढ्याच विजेसाठी ५,१०० हून जास्त अंश-सेकंद लागतात. दहापट! ओव्हन चांगला असो की वाईट, एवढी तूट सोसल्याशिवाय तो जागेवर येऊच शकत नाही. आलेखावर ती संथ, एका बाजूला लोंबणाऱ्या शेपटीसारखी दिसते. हा आकडा इंटिग्रल टाइमला गेनने भागून ठरतो, म्हणून लोड सांभाळायचा असेल तर हा भागाकार जितका लहान करता येईल तितका करायचा.

सेटपॉइंट बदलताना हाच भागाकार लहान असणं अंगाशी येतं. १८५ अंश राखायला ६० ऐवजी ६२ टक्के वीज पुरते. खात्यात कायमची भर पडायला हवी फक्त दोन टक्क्यांची. लोडच्या ट्यूनिंगमध्ये दोन टक्के म्हणजे ५० अंश-सेकंद. पण सेटपॉइंट बदलल्या क्षणी पाच अंशांची तफावत उभी राहते, आणि पहिले ३० सेकंद तर डेड टाइममुळे आकडा हलणारच नसतो. पाच गुणिले तीस, १५० अंश-सेकंद तिथेच जमा झाले. लागणार होते ५०. तापमान १८५ ला पोचेपर्यंत खात्यात २६४ जमा होतात, म्हणजे साडेदहा टक्के वीज. गरज दोन टक्क्यांची. ही जादा शिल्लक उतरवायची तर तापमान १८५ च्या वर जाऊन राहिलंच पाहिजे. थोडक्यात, हे ओव्हरशूट ऑपरेटरच्या चुकीने येत नाही. ट्यूनिंगचे आकडे टाकले तेव्हाच ते पक्कं झालेलं असतं. सेटपॉइंटच्या ट्यूनिंगमध्ये तेच दोन टक्के जमा व्हायला ५१४ अंश-सेकंद लागतात. चढणीच्या वाटेवर जमा होणारी तफावत त्यात सहज मावते, म्हणून तापमान ओलांडत नाही.

गेनमधल्या फरकाचंही कारण इथेच आहे. सेटपॉइंट बदलला की तफावत एका क्षणात उडी मारते आणि जास्त गेन त्या उडीचा तेवढाच मोठा दणका हीटरला देतो. लोडची गोष्ट निराळी. थंड जॉब उष्णता खेचतात, पण हवेचं तापमान ओव्हनच्या संथपणामुळे हळूहळू उतरतं. तफावत शून्यापासून सुरू होऊन वाढत जाते, म्हणजे कंट्रोलरपर्यंत पोचण्याआधीच ओव्हनने तिची धार बोथट केलेली असते. म्हणून तिथे जास्त गेन खपून जातो.

मग एकाच ओव्हनला दोन्ही कामं करायची असतील तर मधला आकडा घ्यायचा का? पुष्कळ ठिकाणी तसं करतात आणि दोन्ही कामं अर्धवट होतात. याहून चांगला मार्ग आहे. लोड आला तेव्हा सेटपॉइंट हललेलाच नसतो. म्हणजे सेटपॉइंट सूत्रात कसा शिरतो एवढंच बदललं तर लोडच्या उत्तरात तसूभरही फरक पडणार नाही. अॅक्शन दोन्ही कामांसाठी लोडवालीच ठेवायची आणि सेटपॉइंटला वेगळ्या दाराने आत घ्यायचं:

```
u = Kp*(b*SP - PV) + (Kp/Ti) * ∫(SP - PV) dt
```

इथे SP म्हणजे सेटपॉइंट, PV म्हणजे प्रत्यक्ष तापमान आणि u म्हणजे वीज. नवीन आहे ते फक्त b. तो एक असेल तर नेहमीचा कंट्रोलर. तो कमी केला की प्रोपोर्शनल भागाला सेटपॉइंटचा बदल पूर्ण दिसत नाही, तर तापमानाचा बदल मात्र पूर्ण दिसतो. इंटिग्रलला पूर्वीसारखीच खरी तफावत दिसते, म्हणून शेवटी तापमान सेटपॉइंटवरच टेकतं.

आपल्या ओव्हनला लोडचंच ट्यूनिंग ठेवून b ०.४ केला तर सेटपॉइंट बदलताच विजेची उडी २४ ऐवजी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास राहते. तापमान सव्वादोन मिनिटांच्या आतच १८४.५ ला पोचतं आणि १८५ जवळजवळ ओलांडतच नाही. खास सेटपॉइंटसाठी केलेल्या ट्यूनिंगला याच कामाला अडीच मिनिटं लागली होती! लोडचं उत्तर मात्र आधीचंच राहतं, चार मिनिटांत सगळं शांत.

खातेवहीतही हे जुळतं. सेटपॉइंट पाचने वाढला, पण प्रोपोर्शनल भागाने त्यातले दोनच अंश मानले. तापमान मात्र पुरं पाच अंश चढणार. त्यामुळे शेवटी प्रोपोर्शनल भाग तीन अंशांची, म्हणजे १४.४ टक्के वीज कापत राहतो, आणि ती कापणी इंटिग्रलला भरून काढावी लागते. खात्यात आता दोनऐवजी १६.४ टक्क्यांची जागा झाली, म्हणजे ४१० अंश-सेकंदांची. चढताना जमा होणारी तफावत जवळपास तेवढीच असते. जादा शिल्लक उरतच नाही, म्हणून ती उतरवायला वर जावं लागत नाही.

ही सोय नवी किंवा महागडी नाही. सीमेन्सच्या PID_Compact ब्लॉकमध्ये प्रोपोर्शनल भागासाठी असं वेटिंग टाकता येतं. हनीवेलच्या सिस्टिममध्ये पीआयडीची वेगवेगळी समीकरणं निवडता येतात, आणि त्यातल्या एकात प्रोपोर्शनल व डेरिव्हेटिव्ह हे दोन्ही भाग फक्त मोजलेल्या तापमानावर चालतात, म्हणजे b शून्य. साध्या कंट्रोलरमध्ये हे नसेल तर सेटपॉइंट एका झटक्यात न बदलता रॅम्पने सावकाश चढवला तरी बराचसा तोच परिणाम मिळतो. डेरिव्हेटिव्ह भाग वापरत असाल तर तो तापमानावरच ठेवावा. सेटपॉइंटच्या उडीचा वेग मोजायला गेलं तर क्षणभर प्रचंड दणका बसतो.

याच्याही मर्यादा आहेत. b ने लूप जास्त स्थिर होत नाही. लोडच्या ट्यूनिंगमध्ये गेन जास्त असतो, आणि थर्मोकपलच्या नळीवर थर जमून डेड टाइम वाढला तर तेच ट्यूनिंग डोलायला लागतं. तेव्हा b कितीही कमी केला तरी उपयोग नाही, गेन कमी करावा लागतो किंवा नळी साफ करावी लागते.

दुसरी मर्यादा लोड कुठून शिरतो याची आहे. थर्मोकपल दाराजवळ असेल आणि दार उघडल्यावर थंड झोत थेट त्याच्यावर आला, तर वाचलेलं तापमान एकदम पडतं. इथे ओव्हनच्या संथपणाने धार बोथट केलेली नाही. कंट्रोलरच्या दृष्टीने ही सेटपॉइंटच्या उडीसारखीच उडी आहे, पण ती b च्या दाराने येत नाही. मग दार लागल्यावर ओव्हरशूट दिसतं. त्यावर उपाय ट्यूनिंगमध्ये शोधू नये, थर्मोकपलची जागा बदलावी.

तिसरी गोष्ट म्हणजे हा सगळा वाद संथ लूपचा आहे. आपल्या ओव्हनचा संथपणा डेड टाइमच्या वीसपट आहे. जिथे तो तीन-सव्वातीनपटच असतो, तिथे १९५२ च्या दोन्ही सूत्रांतून इंटिग्रल टाइम जवळपास सारखाच येतो आणि भांडण मिटतं. कॅस्केडमधल्या आतल्या लूपचंही वेगळं आहे. त्याचा सेटपॉइंट बाहेरचा लूप सतत हलवत असतो, त्यामुळे तिथे पाठलाग हेच मुख्य काम, आणि b कमी केला तर आतला लूप उगाच मंदावतो.

प्रत्यक्षात गोंधळ होतो तो बहुधा चाचणीत. ओव्हन सुरू करून देणारा माणूस सेटपॉइंट पाच अंशांनी बदलतो, आलेख सुबक चढला की सही घेतो आणि जातो. पण पुढे दिवसभर ओव्हनला सोसायचा असतो तो जॉबच्या रांगांचा लोड, आणि त्याची परीक्षा झालेलीच नसते. ती घ्यायला जॉबची वाट पाहायची गरज नाही. ओव्हन स्थिर असताना कंट्रोलर मॅन्युअलवर टाकावा, वीज दहा टक्क्यांनी वाढवावी आणि लगेच ऑटोवर परत आणावा. मॅन्युअलमध्ये सेटपॉइंट आपोआप तापमानामागे जाण्याची सोय असेल तर आधी बंद करावी. कंट्रोलर नव्या विजेपासून पुढे चालू होतो, म्हणजे ओव्हनमध्ये दहा टक्के न मागितलेली उष्णता शिरली, हाच लोड.

आपल्या ओव्हनवर चांगल्या लोड-ट्यूनिंगचा आलेख दोन अंश वर जाऊन तीन-चार मिनिटांत जागेवर येईल. १० मिनिटांनीही तो दीड अंशाहून जास्त वर लोंबकळत असेल, तर इंटिग्रल टाइम मोठा पडला आहे. तो कमी करावा, आणि मगच सेटपॉइंट हलवून b ला हात लावावा. क्रम उलटा केला तर सुबक चढणीच्या मोहात इंटिग्रल टाइम पुन्हा मोठा होतो.